रजेचा मेल To कोणाला, Cc कोणाला? साहेबांनी मंजूर केलेली रजा पगारात कापली जाते तेव्हा

जळगाव एमआयडीसीत पाइपचे, चटईचे, डाळीचे कारखाने शेजारीशेजारी आहेत. माल वेगळा, पण पगार झाल्यावर टाइम ऑफिसच्या खिडकीवर येणारी एक तक्रार सगळीकडे सारखीच. "भाऊ, पगार कमी उना." हजेरी उघडून बघावं तर रजेचे दिवस गैरहजर म्हणून लागलेले. समोरचा माणूस मोबाइल पुढे करतो, त्यात साहेबांचा मेल असतो आणि मेलमध्ये मंजुरी असते. एचआरला विचारलं तर ते म्हणतात, आम्हाला मंजुरी आलीच नाही. दोघंही खरं बोलत असतात.

मी टाइम ऑफिसचंच काम करतो, त्यामुळे ही भानगड दोन्ही बाजूंनी बघायला मिळते. माझ्या अनुभवात कोणी मुद्दाम अडवलंय असं फार क्वचित असतं. बहुतेक वेळा मेलचे वरचे दोन रकाने चुकीचे भरलेले असतात आणि पुढचं सगळं त्यातून होतं. एक-दोन दिवसांच्या किरकोळ रजेत ही चूक खपून जाते. रजा लांबली, शिल्लक कमी पडली किंवा कागदपत्रं लागली की मात्र ती थेट पगारातून बाहेर येते. म्हणून इथे अशाच लांब रजेचं एक प्रकरण पूर्ण उलगडून सांगतो.

नेमकं काय घडलं

डिस्पॅचमधल्या एका ताईंच्या सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन नाशिकला ठरलं. त्यांना सोमवार 9 तारखेपासून शनिवार 21 तारखेपर्यंत रजा हवी होती. मधला 15 चा रविवार साप्ताहिक सुट्टीचा, म्हणजे कामाचे दिवस 12. खात्यावर अर्जित रजा 8 आणि किरकोळ रजा 2. दोन्ही धरल्या तरी 2 दिवस बिनपगारी जाणार होते.

त्यांनी एकच मेल केला. To मध्ये डिस्पॅचचे मॅनेजर आणि एचआर, दोघंही. मजकूर असा: "सासऱ्यांचे ऑपरेशन असल्याने 9 ते 21 रजा मंजूर करावी, ही विनंती." सोबत हॉस्पिटलचे सगळे रिपोर्ट जोडले.

मॅनेजरनी त्याच दिवशी उत्तर दिलं, "ओके, काळजी घ्या." पण त्यांनी Reply दाबलं, Reply all दाबलं नाही. उत्तर फक्त ताईंना गेलं. एचआरच्या इनबॉक्समध्ये मूळ विनंती तशीच राहिली. तिथल्या माणसाने पाहिलं की To मध्ये मॅनेजर आहेत, म्हणजे आधी त्यांचं उत्तर येईल, मग आपण नोंद करू. ते उत्तर त्यांच्याकडे पोचलंच नाही. तिकडे मॅनेजरना वाटलं की मेल एचआरलाही आहे, नोंदीचं ते बघतील. 25 तारखेला त्या महिन्याची हजेरी बंद झाली आणि 12 दिवस गैरहजर म्हणून पक्के झाले.

पगार 18,200 रुपये, कामाचे दिवस 26 धरले तर दिवसाला 700. दोन दिवसांचे 1,400 जायला हवे होते, गेले 8,400. सात हजार रुपये नुसत्या उत्तराच्या बटणापायी अडकले. त्यावर घरी एक पत्रही गेलं, विनापरवानगी गैरहजेरीबद्दल खुलासा मागणारं. ते पत्र कोणी रागाने पाठवलं नव्हतं. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा, 1946 खालच्या नमुना स्थायी आदेशांत 10 दिवसांपेक्षा जास्त विनापरवानगी गैरहजेरी गैरवर्तनात धरलेली होती. त्यामुळे हजेरीत 12 दिवस लाल दिसले की असं पत्र निघतं. सासरे अतिदक्षता विभागात आणि घरी हे पत्र. त्या ताईंना काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

चूक कुठे झाली

To मध्ये दोन नावं टाकली की काम दोघांचं होतं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते कोणाचंच राहत नाही. दोघंही सज्जन आणि कामसू असले तरी प्रत्येकाला वाटतं, पहिलं पाऊल दुसऱ्याचं.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. त्या एका विनंतीत खरं तर दोन वेगळे प्रश्न होते. पहिला, ताई 12 दिवस नसल्या तर डिस्पॅच कोण सांभाळणार आणि त्यांना सोडता येईल का? याचं उत्तर फक्त मॅनेजर देऊ शकतात. दुसरा, हे 12 दिवस कोणत्या खात्यावर टाकायचे, अर्जित आणि किरकोळ रजा सलग जोडता येते का आणि उरलेले दिवस बिनपगारी कसे नोंदवायचे? हे फक्त एचआर सांगू शकतं. मॅनेजरनी "ओके" म्हटलं ते पहिल्या प्रश्नाला. दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, म्हणून त्याचं उत्तरही कोणी दिलं नाही.

To आणि Cc ठरवताना मी लोकांना एकच गोष्ट विचारायला सांगतो. हा माणूस गप्प बसला तर माझी रजा अडेल का? अडत असेल तर तो To मध्ये. अडणार नसेल, फक्त त्याला कळायला हवं किंवा नोंद करायची असेल, तर तो Cc मध्ये. आणि दोघांच्या गप्प बसण्याने रजा अडत असेल, तर एका मेलने भागत नाही. दोन मेल लागतात, आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो.

तीच रजा नीट मागायची तर

आधी एचआरला विचारायचं, मग मॅनेजरकडे मंजुरी मागायची. बहुतेक लोक उलटं करतात, कारण साहेबांना आधी सांगितलं नाही तर त्यांना वाईट वाटेल अशी भीती असते. तोंडी आधी साहेबांनाच सांगा, त्यात काहीच वावगं नाही. पण लेखी मंजुरी मागायच्या आधी रजेचा हिशोब पक्का हवा. नाही तर साहेब 12 दिवस पगारी समजून हो म्हणतात, नंतर एचआर सांगतं की किरकोळ रजा अर्जितला जोडता येत नाही, आणि मग पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागतं.

पहिला मेल फक्त एचआरला, Cc मध्ये कोणी नाही:

```
To: एचआर (जळगाव प्लांट)
Subject: रजा शिल्लक व नोंदीबाबत, 9 ते 21, कर्मचारी क्र. ...

सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी 9 ते 21 रजा हवी आहे.
कामाचे दिवस 12. माझ्या माहितीनुसार शिल्लक
अर्जित 8, किरकोळ 2.
1) ही शिल्लक बरोबर आहे का?
2) दोन्ही रजा सलग घेता येतील का?
3) उरलेले दिवस बिनपगारी धरण्यासाठी वेगळा
   अर्ज लागतो का?
हॉस्पिटलचे पत्र सोबत जोडले आहे.
```

इथे हॉस्पिटलचं पत्र एचआरलाच जातं, हे मुद्दाम केलंय. सासऱ्यांच्या हृदयात किती ब्लॉकेज आहेत, हे डिस्पॅचच्या मॅनेजरना कळायची गरज नाही. त्यांना तारखा आणि कारणाची एक ओळ पुरे. रिपोर्ट सगळ्यांना पाठवले की ते कोणाकोणाच्या मोबाइलवर फिरतात, याचा अंदाज येत नाही. आपल्या आजारपणाची रजा असेल तेव्हा तर ही काळजी आणखीच घ्यावी.

एचआरचं उत्तर आलं की दुसरा मेल:

```
To: मॅनेजर, डिस्पॅच
Cc: एचआर (जळगाव प्लांट)
Subject: रजा मंजुरी, 9 ते 21, डिस्पॅच, कर्मचारी क्र. ...

साहेब, काल बोलल्याप्रमाणे सासऱ्यांच्या
ऑपरेशनसाठी 9 ते 21 रजा हवी आहे.
एचआरने कळवल्यानुसार: अर्जित 8, किरकोळ 2,
बिनपगारी 2, एकूण 12 दिवस.
गाड्यांचे लोडिंग आणि ई-वे बिल दुसऱ्या शिफ्टची
ताई बघेल, तिच्याशी बोलणे झाले आहे.
कृपया Reply all करून मंजुरी द्यावी, म्हणजे एचआरला
25 तारखेच्या आत नोंद करता येईल.
```

शेवटचं वाक्य लिहायला लोकांना संकोच वाटतो, साहेबांना बटण कोणतं दाबायचं ते कसं सांगायचं म्हणून. मी म्हणतो, बिनधास्त लिहा. कारण सोबत दिलं की कोणाला राग येत नाही, उलट साहेबांचाही ताप वाचतो. आणि मजकुरात कामाची सोय आधीच सांगितलेली असल्यामुळे त्यांना परत विचारावं लागत नाही, लगेच हो म्हणता येतं.

एवढं करूनही साहेबांनी साधं Reply केलं तर? मग तुम्हीच त्याच मेलसाखळीत Cc मध्ये एचआर टाकून उत्तर द्या: "धन्यवाद साहेब. एचआर, कृपया नोंद घ्यावी." साहेबांची मंजुरी खाली जशीच्या तशी दिसते आणि एचआरकडे तारखेसह पुरावा जातो. मंजुरी आल्यापासून तासाभरात हे करून टाका. स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवणं त्याच्या जागी चालत नाही, कारण महिनाअखेरीस हजेरी बंद करणारा माणूस मेल शोधतो, चॅट उलटत बसत नाही.

मॅनेजर जीमेल वापरत असतील आणि ऐकणारे असतील, तर त्यांना एक सेटिंग दाखवून द्या. Settings मध्ये General खाली Default reply behavior असतं, तिथे Reply all निवडून खाली Save Changes दाबलं की हा त्रास मुळातूनच कमी होतो.

रजा वाढवायची वेळ आली तर

ऑपरेशन झालं आणि डॉक्टर 19 तारखेला म्हणाले, अजून चार दिवस थांबा. आता नवीन मेल उघडू नका. त्याच मेलसाखळीत लिहा, To मॅनेजर, Cc एचआर, आणि 21 तारीख संपायच्या आत पाठवा. वाढीव दिवस बिनपगारी जाणार हे माहीतच असतं, त्यामुळे एचआरला वेगळं विचारायची गरज नसते.

इथे वेळ चुकवू नये. 1946 च्या त्या कायद्याखालच्या नमुना स्थायी आदेशांनुसार मंजूर रजा संपल्यावर कामगार पुढच्या 8 दिवसांत परत आला नाही किंवा समाधानकारक कारण दिलं नाही, तर त्या जागेवरचा त्याचा हक्क जाऊ शकत होता. माणूस दवाखान्यात पळापळ करत असतो, हे आम्हाला टाइम ऑफिसात कळतं. पण कागदावर आलेलं नसेल तर आम्हाला काहीच करता येत नाही, आणि तेव्हा फार वाईट वाटतं.

जिथे क्रम उलटा होतो

मघाची कसोटी लावली की काही रजांमध्ये एचआर To मध्ये येतं आणि मॅनेजर Cc मध्ये. प्रसूती रजा हे सर्वांत स्पष्ट उदाहरण. पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे, त्यातले जास्तीत जास्त 8 बाळंतपणाच्या आधी, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. 2017 पासून हे आठवडे 26 झाले, त्याआधी 12 होते. ती द्यायची की नाही हे मॅनेजरनी ठरवायचं नसतं, ते गप्प राहिले तरी ती अडत नाही. म्हणून मेल एचआरला, मॅनेजरना माहितीसाठी Cc, आणि मजकुरात "मंजूर करावी" ऐवजी "अमुक तारखेपासून प्रसूती रजेवर जात आहे" असं लिहायचं. आपल्याकडे मुली अजूनही साहेबांना "मंजूर करा" म्हणून विनवतात आणि साहेबही मोठ्या मनाने दिल्यासारखं दाखवतात. ही विनवणी त्यांना करावी लागू नये, असं मला फार वाटतं. सोनोग्राफी वगैरे कागद अर्थातच फक्त एचआरला.

ईएसआयच्या आजारपणातही हेच. ईएसआय डॉक्टरचं प्रमाणपत्र आल्यावर ते एचआरकडे जातं, त्यावर पुढची नोंद होते. मॅनेजरना फक्त कधीपर्यंत येणार नाही ते कळवायचं.

याउलट कानबाईची रजा घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. खानदेशात त्या सोमवारी भाऊबंद एकत्र येतात, रोट असतात, कामावर कोणालाच यायचं नसतं. एक दिवसाची किरकोळ रजा, शिल्लक आहे, कागद लागत नाहीत. हा पूर्णपणे मॅनेजरचा प्रश्न आहे. To मॅनेजर, Cc टाइम ऑफिस, संपलं. एचआरच्या अधिकाऱ्यांना त्यात ओढू नका. मात्र सहा जणांनी मिळून एकच मेल करू नका. एकालाच नकार द्यायचा असेल तर साहेबांना तो देता येत नाही, मग सगळ्यांचंच लटकतं. आणि रविवार सुट्टी, सोमवार रजा, मंगळवारीही रजा, असं जोडत असाल तर मधल्या सुट्ट्या तुमच्या कंपनीत रजेत धरतात का, हे आधी एचआरला विचारून घ्या.

काही अडचणी ज्या वरवर दिसत नाहीत

आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांचं मुख्य ऑफिस पुण्याला किंवा मुंबईला असतं. मग लोक थेट तिकडच्या एचआर प्रमुखांना Cc करतात, वजन पडावं म्हणून. त्याने प्लांटचा एचआर दुखावला जातो आणि हजेरी तर त्याच्याच हातात असते. Cc मध्ये ज्याच्या संगणकावर तुमची हजेरी लागते तोच माणूस हवा. कोण ते माहीत नसेल तर टाइम ऑफिसात येऊन विचारा, आम्ही सांगतो.

साहेब नाराज होतील म्हणून एचआरला Bcc मध्ये टाकणं हा आणखी एक घातक मार्ग. Bcc मधल्या माणसाला पहिला मेल मिळतो, पण पुढे साहेबांनी Reply all केलं तरी ते उत्तर त्याच्यापर्यंत जात नाही. म्हणजे विनंती त्याच्याकडे, मंजुरी दुसरीकडे, आणि आपण पुन्हा तिथेच. त्यात एचआरने चुकून Reply all केलं तर साहेबांना कळतंच, आणि मग लपवल्याचा राग वेगळा.

कंपनीत रजेचं सॉफ्टवेअर असेल तर अर्ज त्यातच करा, मेल फक्त सोबत. पण तिथे मंजुरी देणारा म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. विभाग बदलल्यावर ते जुन्याच साहेबांचं राहिलेलं असतं, अर्ज त्यांच्याकडे महिनाभर पडून राहतो आणि त्यांना पत्ताही नसतो. नाव चुकीचं दिसलं तर मेल To एचआर, Cc नवे साहेब.

किती आधी मागायची, हाही प्रश्न येतो. 1948 च्या कारखाना कायद्यात अर्जित रजेसाठी किमान 15 दिवस आधी लेखी अर्ज आणि तो कारखान्याच्या मॅनेजरकडे, असं लिहिलेलं. आजारपणाला ही अट नव्हती. त्या कायद्यातला मॅनेजर म्हणजे कारखान्याच्या परवान्यावर ज्याचं नाव असतं तो, आपला शिफ्ट सुपरवायझर नव्हे. नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे आपल्या कंपनीच्या रजा धोरणात आता काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या. ठरलेल्या रजेला 15 दिवसांचं अंतर ठेवलं तर दोन मेलचा क्रम आरामात बसतो.

पगार आधीच कापला गेला असेल तर

आता To मध्ये एचआर, कारण चूक दुरुस्त करायचं बटण त्यांच्याकडे. Cc मध्ये मॅनेजर. नवीन विषय लिहा, पण साहेबांची जुनी मंजुरी जशीच्या तशी खाली फॉरवर्ड करा, तारीख दिसली पाहिजे. जुना मेल सापडत नसेल तर जीमेलच्या शोधपट्टीत असं टाका:

```
from:साहेबांचा-मेल-आयडी subject:रजा
```

विषयात "रजा" शब्द आणि तारखा लिहिण्याचा फायदा इथे कळतो. "विनंती अर्ज" एवढाच विषय असेल तर शंभर मेल समोर येतात.

मजकुरात तीनच गोष्टी लिहा. कोणत्या तारखा गैरहजर लागल्या, त्या कोणत्या रजेवर टाकायच्या, आणि फरकाची किती रक्कम पुढच्या पगारात हवी. त्या डिस्पॅचच्या ताईंच्या बाबतीत ते असं होईल: 12 दिवस गैरहजर लागले, त्यापैकी 8 अर्जित आणि 2 किरकोळवर घ्यावेत, 2 बिनपगारी, फरक 7,000 रुपये. खुलाशाचं पत्र आलेलं असेल तर त्याचं उत्तर याच मेलमध्ये मिसळू नका. पत्रावर ज्याची सही आहे त्याच्या नावाने वेगळं लेखी उत्तर द्या, मंजुरीची प्रत जोडा, आणि पत्रात दिलेल्या मुदतीच्या आत ते टाइम ऑफिसात देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्या.